नोटिशीच्या दिवशी वीस, लग्नाच्या दिवशी एकवीस

‘मुलाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय आम्ही नोटीस घेत नाही.’ विवाह नोंदणीच्या खिडकीवर हे वाक्य ऐकलं, त्याला आता बराच काळ लोटला. भाच्याचं लग्न ठरल्या दिवशी झालंही. तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतंच. कायद्यात नसलेली अट त्या खिडकीवरून इतक्या खात्रीने सांगितली जाते, की समोरचा माणूस मुकाट्याने घरी जातो आणि हॉलची तारीख बदलतो. म्हणून सगळं तपशिलाने लिहून ठेवतो आहे.

ही 2024 सालची गोष्ट. माझ्या ताईच्या मुलाचा जन्म 14 नोव्हेंबर 2003 चा. लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे ज्याला आपण नोंदणी पद्धतीचं लग्न म्हणतो तसं, 28 नोव्हेंबरला करायचं ठरलं होतं. संध्याकाळी छोटा स्वागत समारंभ होता आणि हॉलची अनामत भरून झाली होती. या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते आणि लावल्यापासून तीस दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं. म्हणून आम्ही दसऱ्याच्या आधीच, सगळी कागदपत्रं घेऊन, निवांत वेळ ठेवून गेलो.

नोटिशीच्या नमुन्यात दोघांचं नाव, स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता आणि तिथे किती काळ राहताय असे रकाने असतात. भाच्याने वयाच्या रकान्यात 20 लिहिलं, कारण त्या दिवशी त्याचं वय तेवढंच होतं. कारकुनाने तो आकडा पाहिला, पेनाने त्याच्याभोवती गोल काढला आणि कागद परत सरकवला. मी म्हटलं, ‘साहेब, लग्न 28 तारखेला आहे. तोवर त्याला एकवीस पूर्ण होतात.’ उत्तर आलं, ‘काका, वय नोटिशीच्या दिवशी बघतात. वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी या.’

हिशोब सोपा आहे. 15 नोव्हेंबरला नोटीस दिली असती, तर तीस दिवस डिसेंबरच्या मध्यापर्यंत गेले असते. हॉल गेला असता, मुलीच्या भावाची परदेशातून यायची सुट्टी गेली असती. ताईचा चेहरा पडला. मुलीची आई तर म्हणायला लागली, की देवळात लावून टाकू आणि नंतर नोंदवू. त्यानेही काही सुटलं नसतं, कारण हिंदू विवाह कायद्यातही लग्नाच्या वेळी मुलाला एकवीस आणि मुलीला अठरा पूर्ण असावीच लागतात. शिवाय बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे 2006 च्या कायद्याच्या व्याख्येत एकवीस पूर्ण न झालेला मुलगा ‘बालक’ असतो. त्यामुळे 14 नोव्हेंबरच्या आधी कुठल्याच पद्धतीने लग्न लावायचा प्रश्न नव्हता. आम्हाला ते लावायचंही नव्हतं. आम्हाला फक्त नोटीस द्यायची होती.

घरी येऊन मी कायदा उघडला. तो इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो आणि भाषा वाटते तितकी अवघड नाही. कलम 4 ची सुरुवातच अशी आहे, की ‘लग्नाच्या वेळी’ पुढच्या अटी पूर्ण होत असतील तर लग्न लावता येतं. त्या अटींतच मुलाला एकवीस आणि मुलीला अठरा पूर्ण असण्याची अट येते. नोटिशीचं कलम 5 वेगळं आहे. त्यात फक्त इतकंच म्हटलंय, की लग्न करायचं ठरलं की त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्या आणि दोघांपैकी एकजण तरी नोटिशीच्या आधीचे सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा. वयाचा तिथे शब्दही नाही. मला सगळ्यात मोठा पुरावा सापडला तो कायद्याच्या शेवटच्या परिशिष्टांत. लग्नाच्या दिवशी, सह्या करायच्या आधी, वधू आणि वर दोघंही एक घोषणापत्र देतात. ‘मला इतकी वर्षं पूर्ण झाली आहेत’ हे वाक्य त्या घोषणापत्रात आहे. वय पूर्ण झाल्याचं घोषित करायचं ते लग्नाच्या दिवशी, हे कायद्यानेच ठरवून दिलंय.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ही पानं छापून नेली. कारकून वाचायलाच तयार नव्हता. ‘आमच्याकडे असंच चालतं,’ एवढंच. निवडणुकीचे दिवस होते, अर्धे लोक प्रशिक्षणाला गेलेले, साहेब जागेवर नव्हते. बाकड्यावर बसलेल्या आणखी एका जोडप्याला याच कारणाने परत पाठवलेलं होतं. मुलगा हातात टोकन घेऊन आईला फोनवर नवी तारीख सांगत होता. त्याला मी कलम दाखवलं, पण तो म्हणाला, ‘जाऊ द्या काका, भांडण नको.’ ही भीती मला समजते. ज्याचं लग्न आहे, त्याला त्याच टेबलावर पुन्हा यायचं असतं.

मी भांडलो नाही. एक पानी अर्ज लिहिला. विवाह अधिकारी यांच्या नावे, विषय ‘नोटीस स्वीकारण्याबाबत’. मजकूर चार ओळींचा: वराची जन्मतारीख, एकवीस पूर्ण होण्याची तारीख, लग्नाची प्रस्तावित तारीख, आणि कलम 4 मधलं पहिलं वाक्य जसंच्या तसं. शेवटी विनंती केली, की नोटीस स्वीकारावी अथवा न स्वीकारण्याचं कारण कलमासह लेखी द्यावं. अर्जाची एक प्रत आवक शिक्का मारून परत घेतली. हा आवक शिक्काच सगळ्यात महत्त्वाचा. तोंडी नकाराला कुणीच जबाबदार नसतं, पण शिक्का पडला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

साहेबांनी बोलावलं. त्यांनी अर्ज वाचला, कायद्याचं पुस्तक स्वतःच काढलं, कलम पाहिलं आणि म्हणाले, ‘नोटीस घेऊ. पण लग्न 14 च्या आधी लागणार नाही, लक्षात ठेवा.’ 21 ऑक्टोबरला नोटीस लागली. तीस दिवस 20 नोव्हेंबरला संपले आणि 28 तारीख निर्धोक झाली. त्या दिवशी बाहेर पडताना मला जो आनंद झाला, तो अजून आहे.

सावधगिरीची एक गोष्ट. सगळीच कार्यालयं असं ऐकतील याची मी हमी देणार नाही. काही ठिकाणी अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, आणि तिथे जन्मतारीख टाकताच फॉर्म पुढे जात नसेल तर खिडकीवरचा वाद उपयोगाचा नाही. तेव्हा हॉल ठरवण्याआधी कार्यालयात विचारा. आणि फार आधीही नोटीस देऊ नका. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती रद्द होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमची मुदत 21 जानेवारीपर्यंत होती.

‘वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी या’ हेही बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये राजस्थानच्या नोकरभरतीच्या एका प्रकरणात वय कसं मोजायचं ते सांगून ठेवलंय. तो उमेदवार 2 जानेवारी 1956 चा. त्याला 28 वर्षं 1 जानेवारी 1984 लाच पूर्ण झाली, असं न्यायालयाने धरलं, कारण जन्माचा दिवस मोजणीत पूर्ण धरला जातो. म्हणजे वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संपतं. वाढदिवसाला तुम्ही पात्र असताच, आणखी एक दिवस थांबायची गरज नाही.

मुलीच्या वयावरूनही नातेवाइकांनी घोळ घातला. ती वीस वर्षांची. ‘आता मुलींनाही एकवीस लागतं ना?’ असं तीन-चार जणांनी तरी विचारलं. तसं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आलं होतं, पण संसदीय समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. मुलीसाठी अठराच.

त्याच हंगामात भाचीचाही अठराचा टप्पा आला. ती 9 ऑक्टोबर 2006 ची. वाहन परवान्याचं काम सारथीच्या संकेतस्थळावर झटपट झालं, त्यामुळे त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. गिअरची दुचाकी, नेहमीची स्कूटर किंवा कार हवी असेल, तर शिकाऊ परवान्यासाठीच अठरा पूर्ण लागतात. आधी शिकाऊ काढून ठेवू आणि पक्का अठराला घेऊ, असं चालत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर 100 सीसीच्या वरच्या आहेत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्यासाठी चाचणी देता येते. माल किंवा प्रवासी वाहनासाठी वीस वर्षं लागतात. वाढदिवसाला चार-सहा आठवडे उरले असताना ‘चालवू दे गल्लीतल्या गल्लीत’ म्हणणाऱ्या पालकांनी मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती वाचावी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

मतदानाने मात्र तिला रडवलं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला होतं आणि तोवर तिला अठरा पूर्ण होऊन सहा आठवडे झाले होते. तरी नाव यादीत येऊ शकलं नाही. मतदानाच्या दिवशीचं वय इथे बघतच नाहीत. वय बघतात ते अर्हता दिनांकाला. पूर्वी असा दिनांक वर्षातून एकच होता, 1 जानेवारी. 2022 पासून चार झाले: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. भाचीला 1 ऑक्टोबर आठ दिवसांनी हुकला, पुढचा थेट 1 जानेवारी 2025. इथे कुठल्या कार्यालयाशी वाद घालून काही होणार नव्हतं, कारण हे कायद्यातच आहे. सतरा पूर्ण झाल्यावर नमुना 6 आगाऊ भरता येतो, voters.eci.gov.in वर, आणि तिने तो भरला. पण आगाऊ अर्जाने अर्हता दिनांक अलीकडे येत नाही, पात्र झाल्यावरची धावपळ फक्त वाचते.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात आणि भाची त्यांतली एक होती. 28 नोव्हेंबरला ती अठरा पूर्ण होती, त्यामुळे तिच्या सहीला कुणी हरकत घेतली नाही. आठवड्यापूर्वी मतदान केंद्राबाहेर आईसाठी थांबलेली तीच मुलगी.

जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ आधार कार्डावर अवलंबून राहू नका. जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला सोबत ठेवा, आणि तिन्हींवरची तारीख लग्नाच्या बरंच आधी एकदा जुळवून बघा. जन्म दाखल्यावरची तारीख दुरुस्त करायची वेळ आलीच, तर ते काम तीस दिवसांत होईल असं धरून चालू नका.