मुतखड्याच्या तक्त्यात नसलेला रकाना

सर्जरीच्या रेसिडेंट्सना संख्याशास्त्र शिकवायचं म्हणजे दुपारची वेळ, रात्रभर ड्युटी करून तारवटलेले डोळे आणि ‘पी व्हॅल्यू तेवढी काढून द्या’ ही अपेक्षा. म्हणून मी भाषण न देता तक्ता वाटते. परवाचा तक्ता १९८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आकड्यांचा होता. मुतखडा काढायच्या दोन पद्धती: मोठा छेद घेऊन केलेली ओपन सर्जरी, आणि पाठीतून लहानसं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढणं, म्हणजे पीसीएनएल. दोन्हीकडे ३५० रुग्ण. तीन महिन्यांनी खडा उरला नसेल, किंवा उरलेला तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर उपचार यशस्वी.

ओपनमध्ये २७३ यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. पीसीएनएलमध्ये २८९, म्हणजे ८३. सगळ्यांनी पीसीएनएलला कौल दिला. मग मी मुद्दाम झाकून ठेवलेला खड्याच्या आकाराचा रकाना उघडला. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांत ओपनचे ८७ पैकी ८१ यशस्वी (९३ टक्के), पीसीएनएलचे २७० पैकी २३४ (८७). मोठ्या खड्यांत ओपनचे २६३ पैकी १९२ (७३), पीसीएनएलचे ८० पैकी ५५ (६९). लहान असो की मोठा, ओपनच पुढे. एकत्र केलं की मागे.

मागे बसलेले एक ज्येष्ठ सर्जन म्हणाले, ‘‘म्हणूनच मी आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.’’ हे वाक्य दर बॅचला कुणीतरी म्हणतंच, आणि ते म्हणणाऱ्याला पुढची बेरीज करायची नसते.

बेरीज साधी आहे. ओपनच्या ३५० पैकी २६३ रुग्णांचे खडे मोठे होते, म्हणजे पाऊण हिस्सा. त्यामुळे तिची सरासरी ७३च्या बाजूला ओढली गेली. पीसीएनएलकडे मोठे खडे पाव हिश्श्यापेक्षाही कमी, म्हणून तिची सरासरी ८७च्या जवळ राहिली. आकारामुळे यशात पडणारा फरक १८-२० टक्क्यांचा, पद्धतीमुळे पडणारा चार ते सहाचा. अवघड रुग्ण एकाच बाजूला गेले की मोठा फरक लहान फरकाला सहज गिळतो. आता दोन्ही पद्धतींना रुग्णांचं सारखंच मिश्रण देऊन बघा. एकूण ७०० जणांत ३५७ लहान खड्यांचे आणि ३४३ मोठ्या खड्यांचे, तेच प्रमाण दोघींना लावलं की ओपन ८३ टक्क्यांवर येते आणि पीसीएनएल ७८वर. आकडे जवळपास तेच, फक्त मालक बदलले. हे फळ्यावर मांडताना मला दर वेळी मजा येते.

‘‘मग प्रत्येक गोष्टीचे गट पाडायचे का? किती दिवस ॲडमिट होता, त्याचेही?’’ एका रेसिडेंटने विचारलं. खरा प्रश्न हाच. खड्याचा आकार ऑपरेशनच्या आधी ठरलेला असतो आणि कोणती पद्धत निवडायची यावरही त्याचा परिणाम होतो, म्हणून त्याचे गट पाडायचे. ॲडमिट राहण्याचे दिवस ऑपरेशननंतर ठरतात. ‘लवकर घरी गेलेले’ असा गट केला, तर त्यात ओपनचे फक्त विशेष सोपे गेलेले रुग्ण येतील आणि पीसीएनएलचे नेहमीचे, कारण लहान छिद्रामुळे तिचे रुग्ण लवकर सुटतातच. म्हणजे उपचाराचा परिणाम आपणच चाळणीत घालून टाकला. गणिताला यातलं काही कळत नाही. त्याला दोन्ही रकाने सारखेच. कोणतं आधी घडलं हे वॉर्डात उभ्या असणाऱ्यालाच ठाऊक.

एवढ्यावर ‘ओपनच चांगली’ असं कुणी वहीत लिहू नये म्हणून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लहान खड्यांच्या ८७ ओपन रुग्णांत अपयश फक्त सहा. आणखी पाच-सहा जणांचा खडा राहिला असता तर तिथली आघाडी संपली असती. शिवाय ओपनचे रुग्ण १९७२ ते ८० मधले आणि पीसीएनएलचे १९८० ते ८५ मधले. काळ वेगळा, आणि आकाराचे गट पाडून तो फरक जात नाही. तेव्हा या तक्त्यातून निघतं ते एवढंच, की पीसीएनएलची पाच टक्क्यांची आघाडी रुग्णांच्या वाटणीतून आली होती.

तास संपल्यावर तोच रेसिडेंट लॅपटॉप घेऊन आला. त्याचा प्रबंधही दोन पद्धतींच्या तुलनेचा. वय, लिंग, पद्धत, यश, ॲडमिट राहिल्याचे दिवस, सगळं एक्सेलमध्ये नीट भरलेलं.

‘‘आकार?’’

‘‘प्रोफॉर्मात नव्हता, मॅडम.’’

तो प्रोफॉर्मा समितीने दोनदा तपासून परत पाठवला होता, दोन्ही वेळा समासाच्या रुंदीवरून. जुने एक्स-रे रुग्ण घरी घेऊन गेलेत. केसपेपरवर कुठे कुठे ‘लार्ज’ लिहिलंय, पण किती सेंटिमीटर ते नाही, आणि ते लिहिणाऱ्याला पुढे कोणतं ऑपरेशन होणार हे आधीच माहीत होतं की नाही, हे आता कसं शोधायचं यावर आमचं अजून अडलंय.