सोयाबीनच्या उगवण चाचणीची स्क्रिप्ट आणि एक महिना अडलेला फॉर्म : माझा अनुभव

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गावांत घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण क्षमता कशी तपासायची हे शिकवायचं काम या वर्षी माझ्याकडे आलं. चौदा गावं, प्रत्येक गावात दीड तासाचं एक सत्र, आणि मी सगळीकडे पुरणार नाही म्हणून बाकीच्या चार ताईंनी वाचून घेता येईल अशी स्क्रिप्ट मीच लिहायची असं ठरलं. स्क्रिप्ट चार दिवसांत झाली होती, पण ती मंजूर व्हायला १० एप्रिल ते ९ मे लागला, आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं, कारण हा विषय जूनमध्ये शिकवून काही उपयोग नाही. मे महिन्यातच शेतकऱ्याला कळलं पाहिजे की आपल्या पोत्यातलं बी पेरायच्या लायकीचं आहे का, नसलं तर दुसरं बघायला त्याच्या हातात तीन आठवडे तरी पाहिजेत.

आधी स्क्रिप्टबद्दल सांगते. तीन गोष्टी शिकवायच्या होत्या, नमुना काढणं, गुंडाळी करणं आणि मोड मोजणं. पहिल्यांदा लिहिली तेव्हा मी सगळं समजावून सांगण्याच्याच भाषेत लिहिलं, चार पानं नुसतं बोलणं. घरी सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं पण गोणपाट किती ओलं करायचं ते हात लावल्याशिवाय कसं कळणार?" तिथून सगळं बदललं. मग प्रत्येक भागाला तीन खुणा केल्या, "बोला", "करून दाखवा", "करून घ्या". आणि एक पक्का नियम ठेवला की "बोला" सलग पाच मिनिटांच्या वर जायचं नाही.

गुंडाळीचा भाग असा लिहिला. आधी एकदा काहीच न बोलता पूर्ण करून दाखवायचं. गोणपाटाचा तुकडा भिजवला, पिळला, अंथरला, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यांमध्ये बोटाएवढी जागा, वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळलं, सुतळीनं दोन ठिकाणी बांधलं. सगळे गप्प बसून बघतात, कारण बोलणं नसलं की डोळे हातावर राहतात. दुसऱ्यांदा तेच, पण प्रत्येक कृतीचं कारण सांगत. तिसऱ्यांदा लोकांनी सांगायचं आणि ताईनं ते सांगतील तेवढंच करायचं. हे माझं सगळ्यात आवडतं पान आहे, म्हणून जसंच्या तसं देते:

"बोला: आता मला काहीच येत नाही असं समजा. तुम्ही सांगाल तसं मी करणार. पहिलं काय करू?
(गोणपाट भिजवा म्हणाले तर भिजवा. पिळा म्हणाले नाहीत तर पिळू नका. पाणी गळत असतानाच दाणे मांडायला लागा आणि थांबा.)
बोला: काका, पाणी गळतंय बघा. असंच बांधू का?
(कुणीतरी 'पिळा, पिळा' म्हणेपर्यंत वाट बघा. स्वतः सांगू नका.)"

पाणी जास्त राहिलं की दाणा कुजतो आणि चांगल्या बियाण्याचीही टक्केवारी कमी दिसते. मुठीत दाबल्यावर ओल लागली पाहिजे पण थेंब पडता कामा नये, ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धी चाचणी बरोबर होते. चौथ्यांदा जोडीजोडीनं सगळ्यांनी स्वतः करायचं.

आता अडलेलं प्रकरण. सत्राचा खर्च एका प्रकल्पातून मिळणार होता, त्यामुळे स्क्रिप्ट त्यांच्या कार्यालयात मंजुरीला द्यावी लागली, सोबत एक फॉर्म. फॉर्ममध्ये चार रकाने, वेळ, विषय, पद्धत, साहित्य. मी साहित्यात लिहिलं, "सहा दिवस आधी बांधलेल्या तीन गुंडाळ्या". कारण सरळ आहे, दाणा मोड काढायला सहा-सात दिवस घेतो, सत्र दीड तासाचं, मग मोजायला शिकवायचं कशावर? आठ दिवसांनी फॉर्म परत. शेरा असा की प्रात्यक्षिक सत्राच्या वेळेत पूर्ण होत नाही, दुरुस्ती करून सादर करा.

मी फोन केला, समजावलं, तिकडून उत्तर की आधीच्या दिवसांचं काम सत्रात दाखवता येत नाही, फक्त दीड तासाचं लिहा. मग मी तयार गुंडाळ्या "साहित्य" मधून काढून "पूर्वतयारी" म्हणून खाली वेगळं लिहिलं आणि परत पाठवलं. पुन्हा नऊ दिवस गेले, पुन्हा परत. या वेळी शेरा, सराव हा शब्द काढून त्या जागी प्रश्नोत्तरे लिहा आणि मोजणीची माहिती तक्त्यावरून द्यावी. हे वाचून मला खरंच राग आला, कारण तक्त्यावरचे मोड सगळे सरळ, पांढरे, छान काढलेले असतात, गुंडाळीतले तसे नसतात. कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा हाच तर सगळा प्रश्न आहे. प्रश्नोत्तरांत "समजलं का" विचारलं की सगळे हो म्हणतात.

तिसऱ्यांदा फॉर्म पाठवलाच नाही. २ मेला घरच्याच बियाण्याच्या तीन गुंडाळ्या बांधल्या, सावलीत उभ्या ठेवल्या, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं आणि ८ मेला पिशवीत घालून कार्यालयात घेऊन गेले. दीड तास बाकावर बसले. साहेब मोकळे झाल्यावर म्हटलं, "सर, पाच मिनिटं द्या, एकच गुंडाळी मोजून द्या." टेबलावर जुना पेपर अंथरला आणि सुतळी सोडली. ते माणूस म्हणून चांगले होते हे सांगायला पाहिजे, त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः मोजलं. त्यांचे आले ७८. मग तीच गुंडाळी मी त्यांच्यासमोर मोजली, माझे आले ६६.

ते म्हणाले कसं काय. मी बाजूला काढलेले बारा दाणे दाखवले. पाच नुसते फुगून साल फाटलेले, मूळ जरासं नखाएवढं डोकावलेलं आणि तिथंच थांबलेलं. चार जणांचं मूळ लांब होतं पण टोक तपकिरी पडून तुटलेलं. तीन दाण्यांच्या डाळीवर बुरशी, दाबलं की बोटाला चिकटत होती. मोड दिसतो म्हणून आपण मोजतो, पण हे बारा जमिनीतून वर येणार नाहीत. ज्याचं मूळ आणि वरचा कोंब दोन्ही धड आहेत तोच मोजायचा.

मग हिशोब करून दाखवला. ७० टक्के किंवा जास्त उगवण असेल तर एकरी ३० किलो बियाणं धरतो, ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. ७८ मोजले तर ३० किलो. ६६ मोजले तर चार टक्के कमी, म्हणजे दोन किलो जास्त, एकरी ३२. पाच एकरवाल्याला दहा किलोचा फरक पडतो, आणि तो कमी पडला की रानात मोकळ्या जागा दिसतात, तेव्हा दुबार पेरणीशिवाय इलाज नसतो. साहेबांनी फॉर्म मागितला, स्वतःच्या हातानं "पूर्वतयारी" च्या ओळीखाली सही केली, दुसऱ्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. बाहेर आले तेव्हा मला रडायला येत होतं, खरंच सांगते.

जे कुणी असं काही लिहिणार असतील त्यांनी फॉर्मवर वाद घालण्यात महिना घालवू नये, पहिल्या शेऱ्यालाच वस्तू घेऊन जावं. आणि जमलं तर फॉर्मच्या पहिल्या पानावरच वेगळी ओळ लिहावी की या कामाला सहा दिवस लागतात आणि सत्र सहाव्या दिवशी आहे.

त्या टेबलावरच्या प्रकाराचा मला फार फायदा झाला, कारण मोजणीचा भाग मी रात्री बसून पुन्हा लिहिला. आधी त्यात "करून दाखवा" पहिलं होतं. आता उलटं केलं. प्रत्येक जोडीला एक तयार गुंडाळी द्यायची, काहीच न सांगता मोजायला लावायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. मग शेजारच्या जोडीनं तीच गुंडाळी मोजायची. आकडे जुळत नाहीतच, आणि ते जुळत नाहीत म्हटल्यावर लोक स्वतः विचारतात की हा धरायचा का तो. तेव्हा समजावून सांगायचं, म्हणजे ऐकतात. या भागाला पूर्ण तीस मिनिटं दिली, बाकी सगळं साठात बसवलं.

एक राहिलंच, नमुना. पोत्याच्या वरचे दाणे घेऊन येतात लोक. वरून, मधून, तळातून मूठ-मूठ काढून कापडावर एकत्र करायचं आणि ढिगाच्या कडेनं येतील तसे शंभर मोजायचे. हात आपोआप टपोरा दाणा उचलतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहिलंय की मोजणाऱ्यानं तोंड दुसरीकडे करून मोजावं. बारका, सुरकुतलेला आला तरी घ्यायचा, पेरताना तोही जाणारच आहे. आणि शंभराच्या तीन गुंडाळ्या करून सरासरी काढायची, एकीवर विसंबू नये.

पहिलं सत्र १२ मेला झालं. आधीच सांगून ठेवल्यामुळे बऱ्याच जणांनी घरून गुंडाळ्या बांधून आणल्या होत्या. एका काकूंच्या तिन्ही मोजल्या, ५४, ५१, ५१, सरासरी ५२. साठाच्या खालचं बी पेरायचं नाही असं स्क्रिप्टमध्ये आहे, पण ते त्यांना तोंडावर सांगणं मला जड गेलं. बी दिसायला पिवळंधमक होतं. सोयाबीनचं साल पातळ, मळणीला ड्रम जोरात फिरला किंवा पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरून काही कळत नाही. काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की पोती ट्रॅक्टरवरून पोरांनी फेकलीच होती. शेजारच्या दादांची सरासरी ८१ आली होती, त्यांच्याकडे दोन पोती जास्तीची होती, तिथंच बसून व्यवहार ठरला.

सुतळीबद्दल सांगायचं राहिलं, फार आवळून बांधू नका, मधल्या ओळीतले मोड वाकडे होतात आणि मोजताना तुटतात. आणि गुंडाळीवर नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालूनच बांधा, पहिल्या सत्राला नुसत्या कागदावरची शाई पाण्यानं पसरली होती आणि दोन घरांच्या गुंडाळ्या ओळखू येईनात.