आमची वाटचाल : कोपऱ्यातल्या लोगोचे माप

लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारा आमचा स्टुडिओ सांगलीत सुरू झाला, तेव्हा ग्राहकाच्या हाती डीव्हीडी जात असे आणि तिच्यावर स्टुडिओचे नाव मोबाईल क्रमांकासह अखेरपर्यंत झळकत ठेवण्याची या व्यवसायात सर्रास रीत होती. आता तेच चित्रण बहुधा मोबाईलवर पाहिले जाते आणि लग्नाची नवी कामे आमच्याकडे मुख्यत्वे आम्ही टाकलेल्या रील्स पाहून येतात. त्यामुळे लोगोचा आकार, जागा आणि पारदर्शकता या तिन्ही गोष्टी आम्ही नव्याने ठरवल्या.

आकाराचा विचार पिक्सेलऐवजी मिलिमीटरने करणे आम्हाला सोपे गेले. १९२० × १०८० च्या आडव्या चित्रात १६० पिक्सेल रुंदीचा लोगो संगणकाच्या पडद्यावर पुरेसा वाटतो. परंतु तेच चित्र उभ्या धरलेल्या मोबाईलवर जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंदीत बसते आणि लोगो साडेपाच मिलिमीटरचा उरतो. एवढ्या जागेत ‘फोटो अँड व्हिडिओ’ अशी अक्षरे वाचता येत नाहीत, आणि बारीक रेषा तर फाईल लहान करताना तुटून लुकलुकू लागतात. म्हणून आम्ही चित्रणासाठी लोगोची वेगळी आवृत्ती केली, जिच्यात केवळ जाड रेषांचे चिन्ह आणि एकच शब्द आहे. ती पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी स्वरूपात ठेवावी लागते. जेपीईजीमध्ये पारदर्शकता साठवता येत नाही, त्यामुळे लोगोभोवती पांढरा चौकोन येतो.

आडव्या चित्रात आम्ही वरचा उजवा कोपरा निवडला, कारण खालच्या भागात वधूवरांची नावे येतात आणि यूट्यूबचे स्वतःचे चॅनेलचिन्हही खाली उजवीकडेच दिसते. कडेपासून रुंदीच्या व उंचीच्या पाच टक्के, म्हणजे ९६ आणि ५४ पिक्सेल, अंतर सोडतो. उभ्या रीलचे गणित मात्र निराळे आहे. तिच्या उजव्या बाजूला खालच्या भागात बटणे आणि तळाशी मजकूर येतो, तर १०८० × १९२० चे हे चित्र ४:५ प्रमाणात दाखवले गेले की वरून आणि खालून प्रत्येकी २८५ पिक्सेल कापले जातात. त्यामुळे रीलमध्ये आमचा लोगो डावीकडे असतो आणि त्याची वरची कड ३२० पिक्सेलवर असते. नवख्या संकलकाला ही जागा फार खाली वाटते. पण वरच्या कोपऱ्यात ठेवलेला लोगो त्या कापाकापीत सर्वांत आधी जातो.

पारदर्शकतेचा खरा कस भर उन्हात अंगणात केलेल्या हळदीच्या चित्रणात लागतो. ० ते २५५ या मोजपट्टीवर पांढऱ्या मांडवाची उजळता २३० धरली, तर ६० टक्के अपारदर्शक पांढरा लोगो तिथे २४५ वर जातो. फरक केवळ १५ चा राहतो, म्हणजे लोगो जवळजवळ नाहीसा होतो. रात्रीच्या वरातीत ४० उजळतेच्या काळोखावर तोच लोगो १६९ वर पोहोचतो आणि डोळ्यांत खुपू लागतो. मांडवापुढे अपारदर्शकता पूर्ण १०० टक्के केली तरी फरक २५ च्या पुढे जात नाही. म्हणून तो आकडा वाढवत बसण्यात अर्थ नसतो. पांढऱ्या चिन्हाभोवती दोन-तीन पिक्सेल पसरणारी मऊ काळी सावली पीएनजीतच घालणे हा उपाय आम्हाला लागू पडला. त्यानंतर अपारदर्शकता ६० टक्क्यांवर ठेवून प्रत्येक चित्रणातील सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोखे अशी दोन दृश्ये तेवढी मोबाईलवर तपासतो.

लोगो संकलनाच्या फाईलमध्ये न घालता तयार चित्रफितीवर शेवटी चढवतो, म्हणजे मूळ प्रत कोरी राहते. एका वेळी अनेक रील्स असल्या की एफएफएमपेगची ही आज्ञा प्रत्येक रीलसाठी फाईलचे नाव बदलून चालवली तरी पुरते. तिच्यात `aa` म्हणजे अपारदर्शकता आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे डावीकडून व वरून सोडलेले अंतर:

```
ffmpeg -i reel.mp4 -i logo.png -filter_complex \
"[1:v]scale=150:-1,format=rgba,colorchannelmixer=aa=0.6[lg];[0:v][lg]overlay=60:320" \
-c:v libx264 -crf 18 -c:a copy out.mp4
```

कोपऱ्यातला लोगो कापून कोणी रील उचलू शकतो, हे आम्ही गृहीत धरले आहे. चोरी अडवण्यासाठी तो वधूच्या चेहऱ्यावर आणून ठेवण्यापेक्षा काम कोणाचे हे पाहणाऱ्याला कळावे, एवढाच त्याचा उपयोग आम्ही मानतो. शिवाय प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ग्राहकच असतो. म्हणून कुटुंबाला दिलेल्या संपूर्ण चित्रफितीत आमचे नाव फक्त शेवटच्या श्रेयनामावलीत येते. लोगो असलेल्या रील्स आमच्या पानावर टाकण्याची परवानगी आम्ही आगाऊ रकमेच्या पावतीबरोबर लेखी घेतो, आणि ज्या घरातून नकार येतो त्यांची रील बनवतच नाही.