केळीचे क्रेट, कापसाची गाठ आणि सरकणारी थप्पी

मंडळी, थप्पी थांबली!

माझ्या कोड्याच्या खेळातल्या 'जिनिंग' लेव्हलचा मागचा व्हिडिओ आठवत असेल. तीन अंश कललेल्या फळीवर केळीच्या दहा रिकाम्या क्रेटची थप्पी, तिच्यावर कापसाची गाठ, आणि कुणी बोट न लावता सगळं थरथरत उताराकडे सरकतंय. खेळणारा नुसता बसून राहिला तरी कोडं सुटायचं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी दोनच उपाय सुचवले होते आणि दोन्ही करून पाहिले. Box2D 2.4 मध्ये वेलॉसिटी इटरेशन ८ वरून ३० केले. सरकणं मंदावलं, पण थांबलं नाही, आणि यावलच्या भाच्याच्या जुन्या फोनवर फ्रेम गळायला लागल्या. मग `b2_linearSleepTolerance` आणि `b2_angularSleepTolerance` पाचपट केले. थप्पी झोपली खरी, पण काठावरून कलंडणारा क्रेट तोलाच्या टोकावर अर्धा सेकंद रेंगाळला की तिथेच अधांतरी गोठायला लागला. कोड्याच्या खेळात हे चालणारच नाही, म्हणून दोन्ही आकडे पुन्हा मूळ जागी नेले.

थप्पी आपणहून का झोपत नव्हती, हे डीबग ड्रॉमध्ये स्वच्छ दिसतं. एकमेकांना टेकलेल्या सगळ्या बॉडी मिळून एक आयलंड होतं आणि ते झोपलं तर सगळं एकदम झोपतं. मधला एक क्रेट सेकंदाला दोन अंशांपेक्षा जास्त डुलला की त्याचं अर्ध्या सेकंदाचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि त्याच्यापायी बाकी सगळ्यांना जागं राहावं लागतं. म्हणजे झोपेचा आकडा बदलून उपयोग नाही, डुलणं का होतंय ते शोधायला हवं.

आधी साधं गणित केलं. क्रेटचं घर्षण ०.४, फळीचं ०.१. Box2D दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेतं, म्हणजे ०.२. एवढ्या घर्षणावर थप्पी साधारण ११ अंशांपर्यंत सरकायला नको. इथे उतार तीनच अंशांचा आहे, तेव्हा दोष घर्षणाच्या आकड्यात नाही.

मग `PostSolve` मध्ये सगळ्यात खालचा क्रेट आणि फळी यांच्यातला नॉर्मल इम्पल्स छापायला लावला. दहा क्रेट प्रत्येकी २ किलो आणि गाठ ६० किलो, असे ८० किलो. ६० हर्ट्झला हा आकडा ८० × ९.८ ÷ ६०, म्हणजे सुमारे १३ यायला हवा. बहुतेक फ्रेममध्ये तो १३ च्या आसपास होता, पण अधूनमधून ३ वर आपटत होता. घर्षणाची मर्यादा या इम्पल्सवरच ठरते. ३ गुणिले ०.२ म्हणजे ०.६, आणि उतारावर थप्पी धरायला लागतात जवळपास ०.६८. त्या फ्रेमला थप्पी केसभर घसरते. असे केसभर जमत जमत ती काठावर पोचते.

३ का येतो? सॉल्व्हर मागच्या फ्रेमचे इम्पल्स जपून ठेवतो आणि तिथून पुढे सुरू करतो, हे वॉर्म स्टार्टिंग. पण क्रेट जरासा डुलला की त्याचा एक स्पर्शबिंदू सुटतो आणि परत टेकताना नवा म्हणून शून्यापासून सुरू होतो. वरचं वजन दहा थरांतून खाली पोचायला मग आठ इटरेशन पुरत नाहीत. त्यात गाठ आणि क्रेट यांच्या वजनाचं प्रमाण ३० ला १. हलक्यावर जड ठेवलं की सॉल्व्हर फार सावकाश जुळतो. डुलण्याने सरकणं वाढतं ते असं.

उपाय अगदी खानदेशी निघाला: क्रेट केळींनी भरले! १५ किलोचा क्रेट, ६० किलोची गाठ, प्रमाण ४ ला १. (खरी गाठ १७० किलोची असते, पण ती आणली तर पहिले पाढे पंचावन्न.) आता एकूण वजन २१० किलो, म्हणजे खाली सुमारे ३४ यायला हवेत, आणि लॉगमध्ये ३४ च्या आसपासचा आकडा ओळीने उतरतोय. इटरेशन आठच आहेत. सोडल्यावर थप्पी क्षणभर दबते, स्थिरावते आणि डीबग ड्रॉमध्ये सगळी एकदम राखाडी होते. ते राखाडी होणं मी पुन्हा पुन्हा पाहिलं. फक्त फळीच्या पलीकडच्या बाजूचं प्रतिभार वजन वाढवावं लागलं.

नवव्या लेव्हलला मात्र क्रेट रिकामेच हवेत, कारण कोडंच भरलेला क्रेट कोणता ते ओळखण्याचं आहे. तिथे सरळ इटरेशन वाढवणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं की इटरेशनऐवजी पाऊलच अर्धं करून पाहावं:

```
world.SetAutoClearForces(false);
for (int i = 0; i < 2; ++i)
    world.Step(1.0f / 120.0f, 8, 3);
world.ClearForces();
```

लगेच चालवून पाहिलं. रिकामी थप्पी उभी आहे आणि खर्च ३० इटरेशनपेक्षा कमी. पहिली आणि शेवटची ओळ विसरू नका. एरवी `ApplyForce` ने दिलेला वारा पहिल्याच अर्ध्या पावलाला लागतो, दुसऱ्याआधी पुसला जातो आणि जोर निम्मा होतो.

यामुळे पुढचा बेतही बदलला. दोरीचं काम बाजूला ठेवून आधी Box2D 3 वर जातोय. तिथे सबस्टेप सॉल्व्हरमध्येच आहेत आणि झोपेचा उंबरठा प्रत्येक बॉडीला वेगळा देता येतो: तोलाच्या फळीला लहान, मागे नुसत्या रचून ठेवलेल्या क्रेटना मोठा. माझ्या मते कोड्याच्या खेळासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे. कुणी जुन्या `b2ContactListener` चा कोड तिकडे नेला असेल तर कळवा, माझा निम्मा स्कोअर त्यावरच मोजला जातो.