प्रश्न एक, खरी उत्तरं दोन आणि फॉर्मवर रकाना एकच

‘पोर्तुगीज काळात गोव्याची राजधानी जुन्या गोव्याहून पणजीला कधी हलवण्यात आली?’ खाली चार पर्याय: अ 1510, ब 1759, क 1843, ड 1961. शाळाशाळांतून घेतल्या जाणाऱ्या गोव्याच्या इतिहासाच्या एका परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि कच्च्या उत्तरसूचीत 1843 हे उत्तर होतं. आमच्या पेडण्यातल्या ज्या मुलांनी 1759 चं वर्तुळ रंगवलं, त्यांचा गुण गेला. त्यातली बहुतेक मुलं नेमाने वाचणारी. म्हणून मी आक्षेप घ्यायचं ठरवलं. शेवटी तो मान्य झाला, पण मधे जे अडकलं त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणा शिक्षकाचा वेळ वाचावा म्हणून सगळं लिहिते आहे.

आधी इतिहास. जुन्या गोव्यात रोगराई इतकी वाढली की माणसं शहर सोडून जाऊ लागली. व्हाइसरॉयनेही तिथला मुक्काम हलवला, आधी जवळच्याच पणेलीला आणि 1759 साली पणजीला. मांडवीच्या काठचा आदिलशहाचा राजवाडा त्याचं निवासस्थान झाला. आपण ज्याला जुनं सचिवालय म्हणतो तीच ही इमारत. म्हणजे राज्य करणारा माणूस 1759 पासून पणजीत बसू लागला. पण पणजीला ‘नोव्हा गोवा’ हे नाव देऊन राजधानीचा दर्जा मिळाला तो 1843 मध्ये, पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिच्या राजाज्ञेने. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, दोन्हींची नोंद आहे, आणि त्यांच्यात 84 वर्षांचं अंतर आहे.

आता प्रश्न परत वाचा. ‘राजधानी हलवण्यात आली’ म्हणजे नेमकं काय झालं? सत्ताधारी उठून दुसरीकडे गेला, की कागदावर दर्जा बदलला? प्रश्नात ते कुठेच नाही. पहिला अर्थ घेणाऱ्या मुलाने 1759 लिहिलं, दुसरा घेणाऱ्याने 1843. इतिहासात कुणीच चुकलं नव्हतं.

असा प्रश्न ओळखायची माझी एक पद्धत आहे. पर्याय झाकायचे आणि प्रत्येक संभाव्य उत्तर पूर्ण वाक्यात लिहून काढायचं. ‘1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला.’ ‘1843 मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला.’ मग विचारायचं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात का? असू शकत असतील तर दोष प्रश्नाच्या शब्दांत आहे. नसतील, म्हणजे एक खरं ठरलं की दुसरं आपोआप खोटं ठरत असेल, तर दोष उत्तरसूचीत असू शकतो आणि तो पुराव्याने मिटतो. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळ्या तऱ्हेने लिहावे लागतात. हा फरक मला आधीपासून पक्का ठाऊक होता. आक्षेपाचा फॉर्म ज्यांनी तयार केला त्यांना मात्र तो ठाऊक नसावा.

कारण त्या फॉर्मवर रकाने एवढेच होते: प्रश्न क्रमांक, उत्तरसूचीतील उत्तर, आपल्या मते योग्य उत्तर, पुरावा. ‘आपल्या मते योग्य उत्तर’ या ठिकाणी एकच अक्षर मावेल असा चौकोन. माझं म्हणणं होतं की क बरोबर आहे आणि ब सुद्धा बरोबर आहे. ते लिहायला जागाच नव्हती. मी चौकोनात ‘ब आणि क’ असं बारीक अक्षरात लिहिलं, तर अर्ज घेणाऱ्या बाईंनी तो परत केला. ‘टीचर, एकच उत्तर लिहा, नाहीतर आत घेत नाहीत.’ बाईंचा दोष नाही, त्यांना तसंच सांगितलेलं. मी ब लिहून पुराव्याच्या रकान्यात सविस्तर मजकूर लिहिला आणि अर्ज दिला.

उत्तर एका ओळीचं आलं. उत्तरसूचीतील उत्तर योग्य असल्याने आक्षेप निकाली काढण्यात येत आहे.

ही ओळ वाचून मला जे वाटलं ते अजून आठवतं. उत्तरसूचीतलं उत्तर अयोग्य आहे असं मी म्हटलंच नव्हतं! पण फॉर्मने माझ्या तोंडी तेच घातलं होतं. ब लिहिलं म्हणजे क नाकारलं, असा त्या कागदाचा हिशोब. समितीने क तपासला, तो खरा निघाला, विषय संपला. ब खरा आहे का हे कुणी पाहिलंच नसावं.

कार्यालयात जाऊन विचारलं तर संयोजक सर म्हणाले, ‘अहो टीचर, संदर्भपुस्तकात 1843 आहे. आम्ही पुस्तकाच्या बाहेर कसं जाणार?’ मी विचारलं, त्या पुस्तकात ‘हलवली’ असं आहे की ‘दर्जा मिळाला’ असं? पुस्तक टेबलावरच होतं. पान उघडलं तर वाक्य राजाज्ञेचं होतं. त्यात राजधानी घोषित झाल्याचं लिहिलं होतं, हलवल्याचं नव्हतं. पेपर काढणाऱ्याने ते वाक्य प्रश्नात उतरवताना क्रियापद बदललं होतं, आणि सगळा घोळ त्या एका बदलात होता. सर थोडा वेळ ते पान बघत राहिले. तरी म्हणाले, ‘पण बहुतेक मुलांना अर्थ कळलाच असणार.’

अशा वेळी तोंडी वाद घालून उपयोग नसतो, उत्तरपत्रिकाच बोलल्या पाहिजेत. आमच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मुलांकडे राहते. मी आमच्या आणि शेजारच्या दोन हायस्कुलांमधल्या प्रती गोळा केल्या, त्याच कच्च्या उत्तरसूचीने तपासल्या आणि एकूण गुणांप्रमाणे लावल्या. वरच्या वीस आणि खालच्या वीस प्रती बाजूला काढल्या. वरच्या विसांत 11 जणांनी 1759 लिहिलं होतं, 8 जणांनी 1843, एकाने 1510. खालच्या विसांत 1759 ला 5, 1843 ला 6, आणि उरलेले 9 जण 1510 व 1961 वर. चांगल्या प्रश्नात हुशार मुलं एका पर्यायावर गोळा होतात आणि कच्ची मुलं चारही पर्यायांवर विखुरतात. इथे हुशार मुलं सरळ दोन गटांत फुटली होती आणि ते दोन गट म्हणजेच प्रश्नाचे दोन अर्थ. उत्तरसूचीतल्या 1843 वर वरच्या आणि खालच्या मुलांत फरक फक्त दोघांचा, म्हणजे हा प्रश्न अभ्यास केलेल्या आणि न केलेल्या मुलाला जवळजवळ सारखंच वागवत होता. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली तर वर 19 आणि खाली 11, फरक आठांचा. हा तक्ता मी एका पानावर मांडला. चाळीस प्रतींवरून फार मोठा निष्कर्ष निघत नाही हे मला माहीत आहे, पण प्रश्न फुटला आहे एवढं दाखवायला त्या पुरतात, आणि सोबत दोन्ही घटनांचे संदर्भ होतेच.

दुसऱ्या अर्जाला मी फॉर्म वापरलाच नाही. साध्या कागदावर विषय लिहिला: ‘प्रश्नाच्या शब्दरचनेबाबत, उत्तरसूचीबाबत नव्हे’. पहिलं वाक्य, ‘क हे उत्तर बरोबर आहे हे मला मान्य आहे.’ त्याखाली दोन पूर्ण वाक्यं, प्रत्येकाचा संदर्भ, मग तक्ता, मग मागणी. हा क्रम महत्त्वाचा. समितीचं उत्तर बरोबर आहे हे आधी मान्य केलं की तिला ते वाचवत बसावं लागत नाही.

मागणी काय करावी हे इथेच सांगते. प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण द्या असं मागू नये. मग 1961 लिहिणाऱ्यालाही गुण मिळतो आणि ज्यांनी अभ्यास केला त्यांचं वेगळेपण पुसलं जातं. दोनपेक्षा जास्त उत्तरं समर्थनीय असतील किंवा एकही नसेल तर रद्द करणं ठीक. इथे ‘ब किंवा क ग्राह्य’ एवढंच न्याय्य होतं. समितीने तेच केलं आणि गुणयादी पुन्हा लावली. यादीत आमच्या मुलांची नावं वर सरकलेली पाहिली तेव्हा फार बरं वाटलं.

पुढच्या पेपरसाठी प्रश्न दुरुस्त करून द्या असं मग मलाच सांगितलं. समितीतल्या एका सरांनी सुचवलं, ‘अधिकृतपणे’ हा शब्द घाला, झालं. त्याने भागत नाही. व्हाइसरॉयचं जाणंही अधिकृतच होतं, तो काही पळून गेला नव्हता. दुसरी सूचना, 1759 हा पर्याय काढून टाका. त्याने भांडण मिटतं, पण प्रश्न मोघमच राहतो आणि ज्याला 1759 माहीत आहे तो मुलगा आपलं उत्तर शोधत बसतो. ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा’ अशी सूचना वर छापणं हाही उपाय नाही, कारण दोन सालांत जास्त योग्य कोणतं हे कशावरून ठरवायचं? मी घटनाच नावानिशी प्रश्नात आणली: ‘पणजीला नोव्हा गोवा हे नाव व राजधानीचा दर्जा देणारी राजाज्ञा कोणत्या वर्षी निघाली?’ पर्यायांत 1759 मुद्दाम ठेवलं. आता ते चुकीचं आहे आणि मुलाला हा फरक कळतो का हे त्यातून दिसतं.

जाता जाता आणखी एक आठवलं. ‘पोर्तुगिजांनी गोव्यावर किती वर्षं राज्य केलं?’ या प्रश्नाला 451 हे उत्तर सगळीकडे छापलेलं असतं. 1510 ते 1961 हा हिशोब तिसवाडीला लागू पडतो. आमचं पेडणे पोर्तुगिजांकडे आलं 1788 मध्ये, म्हणजे इथे 173 वर्षं. त्यामुळे ‘गोव्यावर’ असं न लिहिता कोणता तालुका ते लिहा. आणि 1510 विचारताना फक्त साल विचारा, महिना नको. आल्बुकर्कने त्या वर्षी गोवा दोनदा घेतला. आधी घेतलेला आदिलशहाने मे महिन्यात परत जिंकला आणि 25 नोव्हेंबरला तो पुन्हा पोर्तुगिजांच्या हाती गेला.

फॉर्म अजून तोच आहे, चौकोनही तेवढाच. रकाना वाढवा असं मी लेखी कळवलं आहे, उत्तर आलेलं नाही. तोवर कुणाला असा आक्षेप घ्यायचा असेल तर चौकोनात ‘सोबतचा कागद पाहावा’ असं लिहा, कागद फॉर्मला टाचा आणि पोच घेताना तिच्यावर ‘फॉर्म व जोडपत्र’ असं लिहून घ्या. नुसती ‘फॉर्म मिळाला’ अशी पोच घेऊ नका.