थिअरी टेस्ट नापास, त्या रात्रीची नोंद (लेस्टर, यूके)

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. आज इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सची थिअरी टेस्ट नापास झाले. प्रश्नांमध्ये ५० पैकी ४७, लागतात ४३, म्हणजे तो भाग आरामात पास. पण हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओ क्लिप बघून रस्त्यावरचा धोका दिसला की क्लिक करायच्या भागात, ७५ पैकी ३९ आणि लागतात ४४. नियम असा की एक भाग जरी गेला तरी पुढच्या वेळी दोन्ही पुन्हा द्यायचे, त्यामुळे ते ४७ काही कामाला येणार नाहीत, याचंच सगळ्यात वाईट वाटलं, बसमध्ये डोळ्यात पाणी आलं खरं.

प्रवासाचं म्हणाल तर बस वीस मिनिटं लेट होती, तरी मी तासभर आधी निघाले होते म्हणून वेळेत पोचले. सेंटरवर फोन, घड्याळ, पर्स सगळं लॉकरमध्ये, खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या. प्रोव्हिजनल लायसन्सचं कार्ड विसरलात तर परीक्षा देता येत नाही आणि २३ पौंड जातात, त्यामुळे ते आदल्या रात्रीच बॅगेत टाका.

आता मुद्द्याचं. पुण्यात मी नऊ वर्षं गाडी चालवली, तिथे उभ्या रिक्षाचं चाक जरा वळलेलं दिसलं तरी पाय ब्रेकवर जातो. इथे १४ क्लिप असतात, त्यात १५ धोके, एका क्लिपमध्ये दोन. धोका 'घडायला लागला' की गुणांची खिडकी उघडते, लगेच क्लिक केलं तर ५, मग उशीर होईल तसे ४, ३ करत शून्य. पण खिडकी उघडायच्या आधीचं क्लिक मोजलंच जात नाही! घरी येऊन सरावाची एक क्लिप लावली: डावीकडे कडेला उभी कार, आत माणूस. मी माणूस दिसताच क्लिक केलं आणि निवांत बसले. नंतर इंडिकेटर लागला, कार बाहेर यायला लागली, खिडकी तेव्हा उघडली. माझे गुण शून्य. दिसलं सगळ्यात आधी मलाच आणि गुण काहीच नाहीत, आज सेंटरवरही बहुतेक हेच झालं असणार.

म्हणून आता असं ठरवलंय: शंका आली की एक क्लिक, आणि ती गोष्ट हलली किंवा बदलली की दुसरं. जास्तीच्या क्लिकचे गुण कापत नाहीत, पण टकटक एका लयीत सतत क्लिक केलं तर त्या क्लिपचे शून्य मिळतात, म्हणून दोनवर थांबायचं, फार तर तीन. रोज जेवण झाल्यावर सहा क्लिप, आणि प्रत्येक शून्याच्या पुढे वहीत लिहायचं की लवकर की उशिरा. दिवसाआड ५० प्रश्नांचा एक पेपर, ते ४७ टिकायला हवेत.

तीन वर्किंग डे सोडून पुढची तारीख घेता येते, पण मी दोन आठवड्यांनंतरचा गुरुवार घेतलाय. भारतीय लायसन्सवर इथे बाराच महिने चालवता येतं आणि माझे सात संपलेत, त्यामुळे यापेक्षा लांब नको. उद्या पहिल्या सहा क्लिप.