रेझिस्टर होता, पण वाटेत नव्हता

रविवारी सकाळी पिंपळगाव बसवंतहून भाचीचा फोटो आला. पांढरा ब्रेडबोर्ड, शेजारी अर्डुइनो उनो हा प्रोग्रॅमने चालणारा निळा बोर्ड, दोन वायरी, एक रेझिस्टर आणि भगभगत पेटलेला लाल एलईडी. खाली एकच ओळ : ‘मामा, लागला!!’

मी सातपूरला एका कारखान्यात पॅनेलच्या वायरिंगमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. दिवा लागला म्हणून वायरिंग बरोबर, असं मानायची सवयच मोडलेली. चहा बाजूला ठेवला, फोटो मोठा केला आणि बोटाने वायर धरून निघालो.

तांबडी वायर उनोच्या 8 नंबरच्या पिनेतून निघते आणि ब्रेडबोर्डाच्या दहाव्या ओळीत पहिल्या भोकात शिरते. ब्रेडबोर्डात वरून नुसती भोकं दिसतात, पण खाली प्रत्येक ओळीच्या पाच भोकांमागे धातूची एकच पट्टी असते. त्या पाचांत काहीही खोचा, ते एकमेकांना जोडलं जातं. मधल्या खाचेपलीकडची पाच भोकं मात्र वेगळी. म्हणजे वायर दहाव्या ओळीत आली की त्या पाचही भोकांत पिनेचे पाच व्होल्ट हजर.

पुढे रेझिस्टर. पट्टे लाल, लाल, तपकिरी, सोनेरी, म्हणजे 220 ओहम. निवड अचूक. पोरीने तो ऐटीत उभा करून बसवला होता, एक पाय दुसऱ्या भोकात, दुसरा चौथ्यात. ओळ तीच, दहावी! पाचव्या भोकात एलईडीचा लांब पाय, म्हणजे धन बाजू. आखूड पाय अकराव्या ओळीत आणि तिथून काळी वायर परत उनोच्या ग्राउंडला.

आता सांगा, करंट रेझिस्टरमधून कशाला जाईल? त्याच्या दोन्ही पायांखाली तीच धातूची पट्टी आहे. बागेला पाणी देताना शेजारी मोकळा पाट असेल, तर पाणी बारीक नळीतून जायचे कष्ट घेत नाही. तसाच हा प्रकार. फोटोत रेझिस्टर होता, पण वाटेत नव्हता.

मी फोन केला. म्हटलं, “अगं, चालू असतानाच तो रेझिस्टर उपटून काढ.”

“मामा, मग एलईडी विझेल ना!”

“काढ तर खरं.”

क्षणभर शांतता. मग, “अय्या, तसाच पेटलाय!”

यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही. रेझिस्टर खरोखर वाटेत असेल, तर तो काढताच वाट तुटते आणि दिवा विझतो.

“पण लागतोय ना छान, मग हवाच कशाला?” हा प्रश्न येणारच होता. घरच्या जुन्या पिवळ्या बल्बचं बरं असतं, तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि करंट आपोआप आवरतो. एलईडीला हा संयम नाही. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात. त्याखाली तो जवळपास गप्प, आणि दोनच्या जरा वर गेलात की करंट उसळतो. इथे तर पिन पाच व्होल्ट देतेय. वरचे तीन व्होल्ट कुणीतरी अंगावर घ्यायला हवेत. ते काम रेझिस्टरचं : तीनला 220 ने भागा, जेमतेम 14 मिलिअँपिअर येतात. एलईडीही खूश, पिनही.

रेझिस्टर नसेल तर करंटला आवर घालतो तो पिनेच्या आतला किरकोळ विरोध. म्हणून दिवा लगेच फुटत नाही, आणि फसगत होते ती इथेच. पिनेची कमाल मर्यादा 40 मिलिअँपिअर, निवांत चालवायचं तर 20. ही जोडणी ती कमाल मर्यादाही ओलांडू शकते. दहा रुपयांच्या आतला एलईडी गेला तर जाऊ दे. पण पिन गेली तर पुढे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसायची वेळ येते.

“रेझिस्टर परत लाव, पण त्याचा एक पाय पंधराव्या ओळीत ने,” मी सांगितलं. “एलईडीचा लांब पाय त्याच ओळीत, आखूड सोळाव्यात, आणि काळी वायरही सोळाव्यात.”

“रेझिस्टर एलईडीच्या नंतर लावला तर? करंट आधी एलईडीतून जाईल ना?”

प्रश्न झकास. पण वाट एकच असेल तर तिच्यात सगळीकडे करंट तेवढाच असतो. ठिबकच्या नळीचा कॉक सुरुवातीला आवळा नाहीतर टोकाला, एका धारेचं पाणी तेवढंच कमी होतं. त्यामुळे आधी लावा की नंतर, फरक नाही.

दहा मिनिटांत दुसरा फोटो आला. रेझिस्टर आता दहापासून पंधरापर्यंत आडवा, पुलासारखा. खाली तक्रार : ‘उजेड कमी झाला.’ आणि लगेच दुसरी ओळ : ‘काढून पाहिला. विझतोय.’